कड्यावर चढलेले दोन निनावी मावळे

महाराष्ट्रातल्या मुलाला सिंहगडाची गोष्ट दोनदा भेटते. पहिल्यांदा चौथीत. तेव्हा तिच्यात रात्र असते, कडा असतो, दोर कापलेला असतो, आणि मूल ती तोंडाचा आ करून ऐकतं. पुढच्या इयत्तांत तीच गोष्ट सनावळीतली एक ओळ होऊन समोर येते: १६६५ पुरंदरचा तह, १६६६ आग्रा, १६७० कोंढाणा. मूल ती ओळ पाठ करतं, पेपरात लिहितं आणि विसरतं. चौदाव्या वर्षी त्याला विचारलं तर ते सरळ सांगतं, इतिहास बोअर आहे. त्याचं म्हणणं खोटं नसतं. त्याला आधी गोष्ट मिळाली आणि नंतर तारखा मिळाल्या. तारखांमधून गोष्ट कशी उभी राहते, हे मात्र त्याला कोणी दाखवलं नाही.

अशा मुलाच्या हातात ऐतिहासिक कादंबरी द्यावी, असं घरातली आणि शाळेतली वाचणारी माणसं सुचवतात. ते बरोबरही आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की कादंबरीतून मूल जे शिकतं ते खरं असतं का? कादंबरीकाराने संवाद रचलेले असतात, पात्रं घडवलेली असतात, हवा, वास आणि आवाज भरलेले असतात. त्यातलं कागदोपत्री किती आणि कल्पनेतलं किती, हे चौदा वर्षांच्या वाचकाला कळणार कसं? याचं उत्तर शोधायला सिंहगडाइतकं चांगलं उदाहरण मराठीत सापडणं कठीण. या एका रात्रीवर कादंबरी आहे, पोवाडा आहे, बखर आहे, शकावलीतली नोंद आहे. शिवाय तो कडा आजही जागेवर आहे.

हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी १९०३ सालची. मराठी ऐतिहासिक कादंबरीला घरोघर वाचक मिळवून देणाऱ्यांत आपट्यांचं नाव पहिल्या रांगेत येतं. ही कादंबरी पुढे पडद्यावरही गेली. १९२३ साली बाबूराव पेंटरांनी तिच्यावर ‘सिंहगड’ हा मूकपट काढला, आणि त्यात शेलारमामाचं काम तरुण व्ही. शांताराम यांनी केलं. आज मराठी माणसाच्या मनात सिंहगडाच्या लढाईचं जे चित्र आहे, त्यात या कादंबरीचा वाटा मोठा आहे.

आपट्यांपुढे कोणती सामग्री होती? एक सभासदाची बखर आणि दुसरा तुळशीदास शाहिराचा पोवाडा. अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी जमवलेले जुने पोवाडे १८९१ साली छापून निघाले होते. जेधे शकावली मात्र त्यांच्यापुढे नव्हती. कारी गावच्या जेधे घराण्यातली ही तिथीवार नोंदींची चोपडी लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली ती १९१६ साली, म्हणजे कादंबरीनंतर तेरा वर्षांनी. कादंबरीचा खरेपणा तपासताना हे आधी पाहायला हवं, कारण लेखक त्याच्या काळात उपलब्ध असलेल्या कागदांपलीकडे जाऊ शकत नाही.

आता सभासदाकडे वळू. कृष्णाजी अनंत सभासद हा शिवाजी महाराजांच्या दरबारातला माणूस. त्याने ही बखर राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला १६९७ साली लिहिली. म्हणजे कोंढाण्याची लढाई होऊन तेव्हा सत्तावीस वर्षं झाली होती. या लढाईचं त्याचं वर्णन एखाद्या पानाचं आहे. आठवीतलं मूल मोठ्या माणसाला जवळ बसवून ते दहा मिनिटांत वाचू शकतं. भाषा जुनी असली तरी वाक्यं तुटक आणि वेगवान आहेत.

त्याची हकीकत थोडक्यात अशी. तानाजी मालुसरे हा मावळ्यांचा हजारी, म्हणजे हजार माणसांवरचा सरदार. कोंढाणा घेण्याचं काम तो स्वतः अंगावर घेतो. वस्त्रं आणि विडे घेऊन, पाचशे माणसं बरोबर घेऊन तो गडाखाली येतो. दोन चांगले मर्द मावळे निवडून तो रात्री त्यांना कड्यावर चढवतो. ते वानरासारखे कडा चढून जातात. वर पोचल्यावर ते माळ लावतात. माळ म्हणजे दोरांची शिडी. तिच्यावरून तानाजीसह तीनशे माणसं वर येतात. गडावर उदेभान रजपूत असतो. त्याला गनीम आल्याची खबर लागते आणि लढाई पेटते. तानाजी आणि उदेभान समोरासमोर येतात. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलत लढतो, आणि शेवटी दोघेही पडतात. मग तानाजीचा भाऊ सूर्याजी धीर धरतो, लोकांना सावरतो आणि गड घेतो. पागेला आग लावून खूण केली जाते. तिचा उजेड महाराज राजगडावरून पाहतात आणि गड मिळाल्याचं ओळखतात. तानाजी पडल्याची बातमी घेऊन जासूद दुसऱ्या दिवशी पोचतो.

एवढंच. या पानात घोरपड नाही. रायबाचं लग्न नाही. शेलारमामा नाही. जिजाबाईंनी खिडकीतून गड पाहिल्याचा प्रसंगही नाही.

हे सगळं येतं पोवाड्यातून. पोवाड्यात जिजाबाई प्रतापगडावरून कोंढाणा पाहतात, महाराजांना बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात आणि जिंकल्यावर कोंढाणा मागतात. तानाजीच्या घरी मुलाचं, रायबाचं, लग्न निघालेलं असतं. ऐंशी वर्षांचे शेलारमामा बरोबर निघतात. यशवंती घोरपड दोर घेऊन कडा चढते. गडावर चंद्रावळी हत्ती असतो, सिद्दी हिलाल असतो, उदेभानाचे बारा मुलगे असतात, आणि तानाजी त्या सगळ्यांना एकेक करून लोळवत पुढे जातो. हे पोवाड्याचं तंत्र आहे. डफ-तुणतुण्याच्या साथीने उभ्या जमावापुढे गायची ही रचना. श्रोत्यांनी रात्रभर बसून राहावं म्हणून प्रत्येक टप्प्यावर नवा अडसर लागतो. शाहिराने ते उत्तम जमवलं आहे.

आता मुलाच्या हातात तीन रंगांच्या पेन्सिली द्याव्यात आणि कादंबरीतलं या रात्रीचं प्रकरण समोर ठेवावं. सभासदाच्या पानात सापडतं त्याखाली एक रंग. पोवाड्यातून आलेलं दिसतं त्याखाली दुसरा. दोन्हीकडे नाही, म्हणजे कादंबरीकाराचं स्वतःचं, त्याखाली तिसरा. पुस्तक घरचं असलं तर पानावरच, वाचनालयाचं असलं तर झेरॉक्सवर. तासाभरात पान रंगून जातं, आणि इतिहासाचा अभ्यासक जे काम करतो त्याची पहिली पायरी मुलाने न कंटाळता केलेली असते.

दुसऱ्या रंगाखाली येणाऱ्या गोष्टी तपासायला वेगळी अक्कल लागते, आणि ती मुलांकडे भरपूर असते. घोरपडीचंच घ्या. चांगली वाढलेली घोरपड काही किलो वजनाची असते. तिच्या कमरेला दोर बांधून माणूस वर चढायचा, तर त्या माणसाचं आणि हत्यारांचं वजन तिने नखांवर पेलायला हवं. विज्ञानाच्या तासाला बसलेलं कोणतंही मूल हे उत्तर काढतं. आणि सभासदाचं साधं वाक्य मग जास्त पटतं: दोन माणसं हातापायांच्या जोरावर चढली आणि त्यांनी वरून शिडी सोडली.

प्रतापगडाचंही तसंच. नकाशावर पट्टी ठेवली तर प्रतापगड ते सिंहगड सरळ रेषेत पन्नास किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि मध्ये सह्याद्रीची डोंगररांग पसरलेली. राजगड ते सिंहगड मात्र सुमारे पंधरा किलोमीटर. स्वच्छ हवेत राजगडावरून सिंहगड नजरेत येतो. म्हणजे खिडकीतून कोंढाणा दिसल्याचा पोवाड्यातला प्रसंग भूगोलात बसत नाही, आणि राजगडावरून आगीचा उजेड दिसल्याची सभासदाची हकीकत बसते. बखरीतल्या वाक्याची अशी साक्ष नकाशाने दिली की मुलाचा त्या पानावर विश्वास बसू लागतो. तो विश्वास त्याने स्वतः तपासून ठेवलेला असतो, हे त्यातलं महत्त्वाचं.

पण सभासदावरही डोळे मिटून विसंबता येत नाही. त्याने तिथी दिलेली नाही. कोणता कडा ते सांगितलेलं नाही. पाचशे, तीनशे हे त्याचे आकडे गोळाबेरजेचे वाटतात, आणि सत्तावीस वर्षांनी आठवून लिहिताना असंच होतं. तिथी येते ती जेधे शकावलीतून: शके १५९१, माघ वद्य नवमी. इंग्रजी तारीख इतिहासाच्या पुस्तकांत ४ फेब्रुवारी १६७० अशी देतात. ही त्या काळी चालणाऱ्या जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आजच्या कॅलेंडरात ती दहा दिवस पुढे, १४ फेब्रुवारीला पडेल.

या एका तिथीवरून कादंबरीची फार सुंदर परीक्षा घेता येते. पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमारास चंद्र उगवतो. त्यानंतर तो रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवत जातो. वद्य नवमी म्हणजे पौर्णिमेनंतर नऊएक दिवस. पन्नास गुणिले नऊ म्हणजे साडेचारशे मिनिटं, साडेसात तास. फेब्रुवारीत सूर्य साडेसहाच्या आसपास मावळतो, म्हणजे त्या रात्री चंद्र मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास उगवला असणार, तोही अर्धाच. त्याआधीची सगळी रात्र मिट्ट काळोखाची. काळोखात कडा चढायचा आणि लढाई पेटेपर्यंत थोडा उजेड यायचा, असा हिशेब करूनच ती रात्र निवडली होती का? तसं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून तसं ठामपणे म्हणता येत नाही. पण एखाद्या कादंबरीत, नाटकात किंवा सिनेमात तानाजी संध्याकाळच्या टिपूर चांदण्यात कडा चढताना दाखवला, तर तिथे लेखकाने पंचांग उघडलं नव्हतं हे मूल बोट ठेवून सांगू शकतं. हा हिशेब एकदा जमला की मुलं तो प्रत्येक ऐतिहासिक सिनेमाला लावून पाहतात.

आता तिसऱ्या रंगाकडे, लेखकाने स्वतः रचलेल्या भागाकडे येऊ. बहुतेक माणसं चूक शोधतात ती तपशिलात: पागोटं कसं होतं, तलवार कोणती होती, तेव्हा मिरची होती का. हे तपशील महत्त्वाचे आहेत, पण ते चुकले तरी मुलाचं फारसं बिघडत नाही. घोरपडीवर विश्वास ठेवणाऱ्या मुलालाही गड कोणी घेतला, कोणाकडून घेतला आणि केव्हा घेतला हे बरोबर माहीत असतं. बिघडतं ते कारण बदललं की.

आपट्यांच्या कादंबरीत कमलकुमारी नावाची रजपूत स्त्री आहे. उदेभानाने तिला पळवून आणलेलं आहे, आणि तिच्या सुटकेचा धागा गडाच्या लढाईत विणलेला आहे. सभासदात ती नाही. कमलकुमारी आपट्यांच्या कादंबरीतून आली आणि इतकी रुजली, की २०२० च्या ‘तान्हाजी’ चित्रपटातही उदेभानाच्या कैदेत कमलादेवी नावाची स्त्री दिसते. कादंबरीकार म्हणून आपट्यांची अडचण समजण्यासारखी आहे. एका रात्रीच्या लढाईवर अख्खी कादंबरी लिहायची, तर वाचकाला पान उलटायला लावणारं काहीतरी गडाच्या आत हवं. दुष्ट किल्लेदार, कैदेतली स्त्री, जवळ येणारी घटका, ही त्या काळच्या कादंबरीची चालती घडण होती.

पण त्याचा परिणाम काय होतो ते पाहा. वाचून झाल्यावर मुलाला विचारा, कोंढाण्यावर हल्ला का झाला? एक मूल म्हणेल जिजाबाईंना गड हवा होता म्हणून, दुसरं म्हणेल त्या स्त्रीला सोडवायला, तिसरं म्हणेल उदेभान वाईट होता म्हणून. ही सगळी उत्तरं एका माणसाच्या इच्छेची किंवा रागाची आहेत. खरं कारण यापेक्षा मोठं आहे, आणि तेही कमी चित्तथरारक नाही.

जून १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाशी पुरंदरचा तह झाला. महाराजांना तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. त्यांच्याकडे उरले बारा किल्ले आणि एक लाख होनांचा मुलूख. दिलेल्या किल्ल्यांत कोंढाणा होता. पुण्याच्या अगदी जवळचा हा गड, ज्याच्या माथ्यावरून पुण्याचं सगळं खोरं दिसतं, तो आता मोगलांच्या हाती. पुढच्या वर्षी आग्रा आणि तिथून सुटका. सुटून आल्यावर महाराजांनी लगेच तलवार उपसली नाही. तीनेक वर्षं त्यांनी मोगलांशी सलोखा ठेवला, त्या शांततेत राज्याची घडी बसवली. १६७० च्या सुरुवातीला तो सलोखा मोडला आणि तहात गेलेले किल्ले परत घ्यायची मोहीम सुरू झाली. सिंहगड त्या मोहिमेच्या अगदी आरंभी घेतला गेला. महिनाभरात, ८ मार्चला, ज्या पुरंदरच्या नावाने तह ओळखला जातो तो पुरंदरही परत आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली.

म्हणजे सिंहगडाची रात्र ही एका मोठ्या हालचालीचं पहिलं पाऊल होती. साडेचार वर्षं गिळून ठेवलेला तह एका मोहिमेत उलटवायचा होता. हे कळलं की चौथीची गोष्ट आणि सातवीची सनावळी एकमेकांना जुळतात. १६६५, १६६६, १६७० ही तीन सालं मुलाला पाठ करावी लागत नाहीत, कारण एकातून दुसरं निघालेलं त्याने पाहिलेलं असतं. म्हणून कादंबरी निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो हा: या पुस्तकात घटना ज्या कारणाने घडते, त्याच कारणाने ती खरोखर घडली होती का? याचं उत्तर हो असेल, तर दोन-चार कल्पित पात्रांनी काही बिघडत नाही. ते नाही असेल, तर अंगरख्याच्या बंदापर्यंत सगळं अचूक असूनही पुस्तक मुलाला चुकीचा इतिहास शिकवतं.

गडाच्या नावाचा एक मुद्दा इथेच सांगायला हवा, कारण मुलं तो हमखास विचारतात. तानाजी सिंहासारखा लढला म्हणून कोंढाण्याचं नाव सिंहगड झालं, असं सगळ्यांना माहीत असतं. पण शिवाजी महाराजांच्या १६६३ सालच्या एका पत्रात सिंहगड हे नाव आहे, म्हणजे लढाईच्या सात वर्षं आधी. तानाजी गेल्याचं कळल्यावरचे जे उद्गार सभासद महाराजांच्या तोंडी देतो, त्यातही सिंह नाही. एक गड घेतला पण दुसरा गमावला, असा त्यांचा भाव आहे. तिथे तानाजीच गड आहे. आपल्या बरोबरीच्या माणसाला राजाने गडाची उपमा द्यावी, तीही एकेका गडासाठी रक्त सांडण्याच्या त्या दिवसांत, यात जे वजन आहे ते सिंहाच्या उपमेत नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ हे शब्द आज सगळ्यांच्या तोंडी आहेत, त्यात आपट्यांच्या शीर्षकाचा हात मोठा आहे.

मग लेखकाने कल्पना लढवायचीच नाही का? लढवायची, पण कुठे ते ओळखून. सभासदाच्या त्या पानात एक जागा अशी आहे की कादंबरीकाराने तिच्यासाठी जन्म वेचावा. ते दोन मावळे. तीनशे माणसांच्या आधी, शिडीशिवाय, काळोखात कडा चढून गेलेले. बखर त्यांना दोन चांगले मर्द म्हणते आणि पुढे जाते. नाव नाही, गाव नाही. ते सकाळपर्यंत जगले की नाही तेही नाही. त्यांना नाव द्या, घर द्या, दोघांत भांडण लावा, एकाला उंचीची भीती द्या. नोंदीतल्या एकाही शब्दाला धक्का लागत नाही. कागद जिथे गप्प आहे तिथे कल्पना बोलली, तर ती इतिहास पुसत नाही. कागद जिथे बोलतो तिथे तिने त्याला गप्प केलं, तर मात्र इतिहास बदलतो.

ऐतिहासिक कादंबरीची ही जुनी रीत आहे. कथेच्या मध्यभागी कल्पित साधा माणूस ठेवायचा आणि इतिहासातल्या थोर व्यक्तींना थोडं लांब, प्रसंगापुरतं येऊ द्यायचं. इंग्रजीत सर वॉल्टर स्कॉटने १८१४ च्या ‘वेव्हर्ली’त ती रूढ केली. मराठीत शिवकाळावर गो. नी. दांडेकरांनी लिहिलेल्या पाच कादंबऱ्या मुलांच्या हातात आधी द्याव्यात त्या याच कारणाने. ‘हे तो श्रींची इच्छा’, ‘झुंजार माची’, ‘दर्याभवानी’, ‘हर हर महादेव’, ‘बया दार उघड’ ही ती नावं. गोनीदा स्वतः आयुष्यभर गड चढत राहिले. त्यांच्या पानांत पायवाट, कातळ, टाक्यातलं पाणी हे डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आणि कथा वाहतात ती मावळातली साधी माणसं.

उलट रीत रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ची. १९६८ च्या या कादंबरीत खुद्द शिवाजी महाराज मध्यभागी आहेत, त्यांच्या मनातले विचारही लेखकाने लिहिले आहेत. हे अवघड काम आहे, कारण प्रत्येक पानावर लेखक एका खऱ्या माणसाच्या वतीने बोलतो. पुस्तक जाडजूड आहे; तेरा-चौदाव्या वर्षी पहिलं पुस्तक म्हणून ते जड जाईल. पण त्याला नरहर कुरुंदकरांची प्रदीर्घ प्रस्तावना आहे. शिवचरित्राची साधनं कोणती, ती कितपत विश्वासाची आणि कादंबरीकारापुढचे पेच काय, याची इतकी मोकळी चर्चा मराठी कादंबरीच्या सुरुवातीला क्वचितच सापडते. दहावीतल्या मुलाने कादंबरी अर्धवट सोडली तरी चालेल, प्रस्तावना सोडू नये.

कारणाची कसोटी विश्वास पाटलांच्या ‘पानिपत’लाही लावून पाहता येते. ही कादंबरी १९८८ ची. मराठे १४ जानेवारी १७६१ ला का हरले, या प्रश्नाला शाळेतलं उत्तर एका ओळीचं असतं. प्रत्यक्षात त्याआधी दोन-अडीच महिने भाऊसाहेबांचं सैन्य पानिपतला अडकून पडलं होतं. बरोबर बायकामुलं, यात्रेकरू आणि बाजारबुणगे होते, रसद तुटली होती, माणसं आणि घोडी उपाशी होती. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. कादंबरी वाचणाऱ्या मुलाने बाजूला त्र्यं. शं. शेजवलकरांचं ‘पानिपत १७६१’ ठेवावं आणि एवढंच शोधावं, की उपासमारीला कादंबरी किती जागा देते आणि इतिहासकार किती. अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही.

घरात हे करताना काही गोष्टी फसतात, त्याही सांगायला हव्यात. मोठी माणसं कादंबरी देतात आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न विचारू लागतात. मुलाला वाटतं, आला पुन्हा स्वाध्याय. कादंबरी आधी शेवटपर्यंत, हवी तशी वाचू द्यावी. घोरपडीवर, कमलकुमारीवर त्याला खुशाल रमू द्यावं. पेन्सिली नंतर, आणि त्याही एकाच प्रकरणाला. सगळं पुस्तक तपासायला लावलं तर कंटाळा परत येतो. दुसरी चूक म्हणजे मुलाने पोवाड्यातलं काही खोटं ठरवलं की पोवाड्यालाच हसायला शिकवणं. तुळशीदासाने इतिहास लिहायचा दावा केला नव्हता. त्याने एका लढवय्याची आठवण शतकांपलीकडे पोचवली. रायबाच्या लग्नाचा कागद मिळत नाही, पण घरचं मंगलकार्य टाकून मोहिमेवर गेलेली माणसं मावळात होती, हे श्रोत्यांना ठाऊक होतं, म्हणून ती गोष्ट त्यांना खरी वाटली. बखर, पोवाडा आणि कादंबरी यांना प्रत्येकी वेगळा प्रश्न विचारायचा असतो.

आणि मग एखाद्या रविवारी गडावर जावं. पुणे दरवाजाने वर आलं की गर्दी कांदाभजी आणि मटक्यातल्या दह्याकडे वळते. तिथून पुढे पश्चिमेच्या बाजूला तानाजी कडा आहे. कठड्याशी उभं राहून मुलाने खाली बघावं, आणि मग समोर, नैर्ऋत्येला. हवा स्वच्छ असेल तर राजगडाचा बालेकिल्ला ओळखू येतो. सभासदाच्या पानातली आग इथे कुठेतरी, पागेत, पेटली होती आणि ती तिथून दिसली. किती वाजता, ते बखर सांगत नाही. चंद्र दोनच्या सुमारास उगवला, हे मुलाने घरीच काढलेलं असतं. आग त्याआधी पेटली असेल तर काळोखात ती ठळक दिसली असणार. पण कडा चढायला, शिडी लावायला आणि तीनशे माणसं एकेक करून वर यायला किती वेळ लागला असेल, लढाई किती वेळ चालली असेल, याचा हिशेब करायला लागलं की मूल कड्यावरच खाली बसतं आणि मोबाइलवर मिनिटांची बेरीज मांडू लागतं.